फ्रीज रात्रीच बंद करून ठेवा, सकाळी बघायला येतो

अकरा वर्षांपूर्वी मी एक जुना फ्रीज घेतला होता. दुकानात दार उघडलं तर आतून गार हवेचा झोत आला, वरच्या फ्रीजरात बर्फाचा ट्रे भरलेला, बाहेरून रंग चकचकीत. पाच मिनिटांत पैसे मोजून मोकळी झाले. नवव्या दिवशी दूध नासलं. मेकॅनिकने मागच्या बाजूला बॅटरी मारून दाखवलं तेव्हा कळलं, की गॅस गळत होता, विकण्याआधी तो नुसता भरून घेतला होता आणि भोक तसंच होतं. मी फ्रीज पाहिला होता खरा, पण चालू होऊन गार होताना पाहिला नव्हता. आधीपासून गार असलेला फ्रीज जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून गेल्या वर्षी भाची पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायला आली आणि जुना फ्रीज घ्यायचं ठरलं, तेव्हा फोनवर पहिली विनंती हीच केली: "काकू, आम्ही रविवारी सकाळी दहाला येतो. शनिवारी रात्री झोपताना फ्रीज बंद करून दार थोडं उघडं ठेवाल का?" बदलीमुळे घर आवरणारं कुटुंब होतं, फ्रीज तसाही रिकामा करायचाच होता, त्यांनी लगेच हो म्हटलं. एका दाराचा, १९० लिटरचा, सात वर्षं वापरलेला फ्रीज. मागणी सात हजारांची. असा नवा फ्रीज पंधरा हजारांच्या आसपास पडतो, तेव्हा किंमत फार नव्हती, पण डोळे मिटून द्यावी इतकी कमीही नव्हती.

सोबत घेतलेलं सामान पिशवीभर: एक बॅटरी, लाइनचा टेस्टर, एक लांब स्क्रूड्रायव्हर, दहाची नोट आणि वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर. हा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि "हाताला गार लागतंय" या वादातून सोडवतो.

पोचल्यावर सर्वात आधी मागे हात घालून कॉम्प्रेसरला स्पर्श केला. कॉम्प्रेसर म्हणजे खाली मागच्या कोपऱ्यात बसवलेला काळा गोलसर डबा, फ्रीजचं इंजिन. तो खोलीइतकाच थंड होता, म्हणजे फ्रीज खरोखर रात्रभर बंद होता. तिथे हाताला ऊब लागली असती, तर फ्रीज आपण येण्याआधी बराच वेळ चालवला होता एवढं कळलं असतं. अशा वेळी भांडायचं नाही. फ्रीज बंद करायला सांगून फ्रीजरचं दार उघडं ठेवायचं, त्याचा पत्रा कोमट होईपर्यंत थांबायचं आणि मग सुरू करायचा.

प्लग लावण्याआधीची वीस मिनिटं आम्ही गंज आणि रबर बघण्यात घालवली. बंद फ्रीजवर ही कामं निवांत होतात.

हे कुटुंब आधी रत्नागिरीला होतं आणि फ्रीजही तिथूनच आलेला, हे बोलता बोलता कळलं. कोकणात, मुंबईत, गोव्यात वापरलेल्या फ्रीजकडे जास्त बारकाईने बघावं लागतं, कारण खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा आणि नळ्या लवकर खातात. सगळा गंज सारखा नसतो. दाराच्या खालच्या कडेला, फरशी पुसताना पाणी लागून जो तांबूस पट्टा येतो, तो दिसायला वाईट असला तरी थंडाव्याशी त्याचा संबंध नसतो. काळजीच्या जागा दोन. एक म्हणजे कॉम्प्रेसर ज्या आडव्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी. दुसरी म्हणजे गॅस ज्यातून फिरतो त्या नळ्या.

फ्रीज भिंतीपासून पुढे ओढून मी बॅटरीच्या उजेडात पट्टी पाहिली. उजव्या बाजूला पापुद्रे सुटले होते. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. वरचा पापुद्रा पडून खाली कडक लोखंड लागलं, तर तारेच्या ब्रशने घासून रंग लावला की काम भागतं. टोक बिस्किटात घुसावं तसं आत गेलं, तर पट्टी कुजली आहे. त्यावर कॉम्प्रेसर डुलायला लागतो आणि त्याला जोडलेल्या नळ्या हलून हलून सांध्यात तडकतात. इथे टोक आत गेलं नाही. पापुद्र्याखाली लोखंड शाबूत होतं.

मग नळ्या. जुन्या पद्धतीच्या फ्रीजला मागे काळी जाळी असते. आतली उष्णता बाहेर टाकणारी ही जाळी बहुधा लोखंडी नळीची असते. तिच्यावर रंगाचे फुगे, गंजाचे खड्डे किंवा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर थांबावं. कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसबरोबर फिरत असतं. त्यामुळे गॅस गळतो तिथे पुष्कळदा तेलाचा ओला डागही उमटतो. बऱ्याच नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. त्यांच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत चिकटवलेल्या असतात आणि चालू असताना ती बाजू कोमट लागते. अशा फ्रीजच्या बाजूला फुगवटे किंवा ताजा रंग असेल तर त्याचं कारण विचारावं, कारण आतली नळी गळली तर ती काढता येत नाही. मेकॅनिक ती तोडून मागे बाहेरून वेगळी जाळी बसवतात. सपाट पाठीच्या फ्रीजला मागे अशी लटकवलेली जाळी दिसली, की आतली नळी एकदा गेली होती हे समजावं.

माझा अकरा वर्षांपूर्वीचा फ्रीज जिथे पकडता आला असता, ती जागाही इथेच आहे. कॉम्प्रेसरमधून एक आखूड नळी निघते आणि कुठेच न जाता बंद होते. मेकॅनिक तिला चार्जिंग लाइन म्हणतात. गॅस तिथून भरतात. कारखान्यातून आलेल्या फ्रीजमध्ये तिचं टोक चेपून झाळलेलं असतं आणि इतर नळ्यांइतकंच जुनाट दिसतं. तिथे नवं तांबं चमकत असेल, व्हॉल्व्ह बसवलेला असेल, शेजारचा रंग आचेने करपलेला असेल, तर गॅस नंतर भरला आहे. एवढ्यावरून फ्रीज वाईट ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती होऊन आजही नीट चालत असेल, तर गळती तेव्हाच बुजली असं धरता येतं. सांधा मात्र कालपरवाचा दिसत असेल, तर तो फ्रीज आपल्या डोळ्यांसमोर उत्तम गार होईल आणि तरीही आठवड्याभरात बसेल. तासाभराच्या परीक्षेला न सापडणारी ही गोष्ट फक्त त्या नळीच्या टोकाला दिसते. काकूंच्या फ्रीजची चार्जिंग लाइन मूळची होती.

मागच्या पाटीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचून घ्यावं. आर-१२ असेल तर फ्रीज फार जुना आहे. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्या जातीच्या गॅसचा असा वापर भारतात २०१० पासून बंद झाला, तेव्हा तो घेऊच नये. सध्या आर-१३४ए किंवा आर-६००ए सापडतो. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. फ्रीजमध्ये तो अगदी थोडा, काही ग्रॅमच असतो, तरी तो पेट घेतो. अशा फ्रीजची नळी झाळण्याआधी आतला गॅस मोकळ्या हवेत काढून टाकावा लागतो, हे माहीत असलेल्या मेकॅनिकलाच पुढे हात लावू द्यावा. आमच्या पाटीवर आर-६००ए होता आणि शेजारी पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चिन्ह.

नंतर दाराचं रबर. याला गॅस्केट म्हणतात आणि त्याच्या पोटात चुंबकाची पट्टी असते. दार मिटताना शेवटच्या बोटभर अंतरावर ते स्वतःच ओढलं जातं ते या पट्टीमुळे. पूर्वीच्या फ्रीजना बाहेरून खिटी असे. लपाछपी खेळताना आत शिरलेली मुलं गुदमरून गेल्याच्या घटना घडल्यावर अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला, की फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे. चुंबकी रबर सर्वत्र रुळण्यामागे ते एक मोठं कारण होतं. म्हणजे या रबराची पकड मुद्दामच मर्यादित ठेवलेली आहे आणि ती थोडी जरी ढिली झाली तरी फट पडते.

रबराची परीक्षा दहाच्या नोटेने होते. नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार मिटायचं आणि हळू ओढायची. ती किंचित अडखळत यायला हवी. पानातून सुटावी तशी सुटली तर तिथे हवा जाते. बहुतेक लोक ही चाचणी मुठीच्या बाजूला एकदा करतात आणि समाधान मानतात. खरी खराबी बिजागरीच्या बाजूला आणि खालच्या दोन कोपऱ्यांत असते, कारण रबर तिथे सर्वात जास्त दुमडतं आणि सांडलेलं दूध, आमटी तिथेच साचते. आम्ही चारही बाजूंनी वीतभर अंतरावर नोट लावत गेलो. तीन बाजू चांगल्या होत्या. खालच्या बाजूला, मुठीकडच्या कोपऱ्यापासून साधारण दीड वीत, नोट अलगद सुटत होती.

आता दोष रबराचा की दाराचा, हे ठरवायचं. दार अर्धं उघडून वरखाली हलवलं. बिजागरी झिजली असेल तर दार खटखट हलतं आणि मिटल्यावर एका बाजूला लोंबतं. तेव्हा नवं रबर घालूनही फट तशीच राहते. इथे दार घट्ट होतं. रबर मात्र त्या कोपऱ्यात बोटाने दाबलं तर दबतच नव्हतं, वाळून काठीसारखं झालं होतं आणि घडीत चीर होती. नुसतं चेपलेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकलं तर पुष्कळदा पुन्हा फुलतं. चिरलेलं रबर बदलावंच लागतं. न बदलता चालवलं, तर फटीतून बाहेरची दमट हवा आत जाते, फ्रीजरवर भसाभस बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. पावसाळ्यात हे फार लवकर दिसतं. भाचीने तिथूनच ओळखीच्या मेकॅनिकला फोन करून विचारलं. त्या मॉडेलचं रबर बसवण्यासकट आठशे रुपये, असं तो म्हणाला.

दहा वाजून वीस मिनिटांनी प्लग लावला, थर्मोस्टॅटची चकती मधल्या आकड्यावर ठेवली आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. पहिली पाच सेकंदं महत्त्वाची. साध्या कॉम्प्रेसरचा एकदा "टक्" असा आवाज येतो, डबा किंचित थरथरतो आणि लगेच सलग गुणगुण सुरू होते. "टक्", मग जड घुर्र, पुन्हा "टक्" आणि शांतता, आणि दोनतीन मिनिटांनी हेच परत, असं झालं तर कॉम्प्रेसर सुरू व्हायची धडपड करतोय आणि संरक्षक स्विच त्याला बंद पाडतोय. अशा वेळी विजेचा दाब कमी नाही ना, हे आधी बघावं. दाब ठीक असेल तर एक तर रिले गेला आहे, जो स्वस्तात बदलतो, किंवा कॉम्प्रेसरच, ज्याच्या दुरुस्तीत जुन्या फ्रीजची किंमत निघून जाते. दोन्हींचा आवाज एकच येतो. मेकॅनिक सोबत नसेल तर असा फ्रीज सोडावा.

चालू झाल्यावरचा आवाज हाताने ओळखायचा. खडखड येत असेल तर तळहात एकेका भागावर दाबून धरायचा: मागचा पाण्याचा ट्रे, जाळी, पत्रा. दाबल्यावर आवाज थांबला तर तो भाग सैल आहे आणि स्क्रू आवळून किंवा पायाखाली पट्टी देऊन तो जातो. काकूंच्या फ्रीजची खडखड ट्रे दाबताच गेली. कशालाही हात लावला तरी न थांबणारी, कॉम्प्रेसरच्या पोटातून येणारी धातूची ठोकठोक मात्र वाईट. फ्रीजरमधली खळखळ किंवा बारीक सूं ऐकून पुष्कळजण घाबरतात. तो नळीत उकळणाऱ्या गॅसचा आवाज असतो आणि यायलाच हवा. बंद होताना बसणारा हलका धक्काही स्वाभाविक आहे.

याच वेळी टेस्टरचं टोक दाराच्या बिजागरीच्या उघड्या स्क्रूला लावून बघितलं. दिवा लागला नाही. लागला असता तर बाकीची परीक्षा तिथेच थांबवायची होती.

मग थांबणं. या वेळात हातांनी तपासायचं ते एवढंच: कॉम्प्रेसरमधून निघणारी बारीक नळी चांगली तापते, आणि जाळी त्या टोकाला गरम व पुढे पुढे कोमट लागते. फक्त पहिलाच वळसा कोमट आणि बाकी सगळी थंडगार, तर गॅस कमी आहे.

फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दहा वाजून पस्तीस मिनिटांनी पांढरं दव धरलं. नुसता गारवा फसवू शकतो, हे दव फसवत नाही. बर्फाचा पातळ थर फ्रीजरच्या सगळ्या बाजूंवर, तळावर, छतावर एकसारखा पसरायला हवा. गॅस कमी असेल किंवा बारीक नळीत कचरा अडकला असेल, तर गॅस शिरतो त्या एका कोपऱ्यातच जाड बर्फ धरतो आणि उरलेला पत्रा ओलाच राहतो. दहा वाजून पन्नास मिनिटांनी आमच्या फ्रीजरच्या पाचही बाजू पांढऱ्या झाल्या होत्या आणि ओलं बोट लावलं तर किंचित चिकटत होतं. त्या पत्र्यावर सुरीचे ओरखडे आहेत का तेही पाहिलं. बर्फ खरवडताना पत्र्याला भोक पडणं हे गॅस जाण्याचं घराघरातलं कारण, आणि कुठे करड्या लांबीचा ठिपका असेल तर ते भोक बुजवलेलं आहे.

खालच्या कप्प्याला घाई नसते. सकाळी खोलीत २८ अंश होतं. तासाभराने, अकरा वीसला, मधल्या जाळीवर हवेचं तापमान १३ होतं. रिकाम्या फ्रीजला ५ अंशांपर्यंत यायला तीनचार तास लागू शकतात आणि मे महिन्यात त्याहून जास्त. म्हणून तासात ५ अंश झाले नाहीत म्हणून नाकारायचा नाही. मोजमाप दर पंधरा मिनिटांनी उतरतंय का, हे बघायचं. २० वर येऊन ते अडकलं असतं तर मात्र मी उठले असते.

शेवटची परीक्षा फार कमी लोक करतात. अकरा पंचविसाला चकती बंदवर आणली, आठ मिनिटं थांबलो आणि पुन्हा सुरू केला. बंद झाल्यावर नळ्यांमधला दाब समान व्हायला पाचेक मिनिटं लागतात, तेवढी द्यायलाच हवीत. थकलेला कॉम्प्रेसर सकाळी थंड असताना सुरू होतो आणि तापल्यावर अडतो. घरी वीज जाऊन आल्यावर नेमकी हीच वेळ येते. काकूंचा फ्रीज एका "टक्"मध्ये सुरू झाला.

दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेत असाल तर एक मर्यादा सांगायला हवी. त्यातला बर्फ वितळवणारा हीटर काही तासांच्या अंतराने काही वेळच चालतो, त्यामुळे तो बिघडला आहे की नाही हे तासाभरात दिसत नाही. तिथे बंद करून बघण्याच्या आधीच, चालू स्थितीत एकदा जाऊन यावं. वरचा फ्रीजर कडक, खालचा कप्पा मात्र कोमट आणि आतल्या मागच्या पडद्यावर बर्फ फुगलेला, असं असेल तर हीटर किंवा त्याचा टायमर गेला आहे. पंख्याची खर्रखर्रही बर्फ त्याला घासल्याने येते.

आम्ही काकूंना रबराचे आठशे आणि पट्टी रंगवण्याचा खर्च मोकळेपणाने सांगितला. त्यांनी नोट स्वतः लावून पाहिली. पाच हजार आठशेला ठरलं, त्यातले पाचशे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचे, अशी माझी अट त्यांनी मानली. टेम्पोत फ्रीज उभाच नेला. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं आणि मग उभा करून काही तास थांबावं लागतं. टेम्पोवाल्याने जिन्यात तो बराच कलंडवला, म्हणून संध्याकाळपर्यंत प्लग लावला नाही.

रात्री भाचीने मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटरचा सेन्सर बुडवला. नवं रबर यायचं होतं, तोवर खालच्या फटीला आतून टॉवेलची घडी लावली होती. सकाळी पेल्यातलं पाणी ५ अंशांवर होतं आणि ट्रेमधला बर्फ कडक. संध्याकाळी तिने काकूंना राहिलेले पाचशे पाठवले.